रिपोर्ट नॉर्मल, पाय बेचैन

रात्रीच्या स्लीपर बसमधले दिवे मालवले की तासाभरात बहुतेक बर्थ शांत होतात. एखादा प्रवासी मात्र पुन्हा पुन्हा उठून बसतो, पाय खाली सोडतो, पोटऱ्या चोळतो आणि बस ढाब्यावर कधी थांबते याची वाट पाहतो. ती थांबली की बाकीचे चहाकडे वळतात आणि हा नुसत्याच फेऱ्या मारत राहतो. त्याला विचारलं तर ‘दुखतंय’ असं तो बहुधा म्हणणार नाही. पाय शिवशिवतात, आतून काहीतरी वळवळतं, पायांना ओढ लागते, हाडांत किडे फिरल्यासारखं होतं, असं काहीबाही तो सांगेल आणि हे समोरच्याला पटणार नाही म्हणून थोडा ओशाळेलही. चार पावलं टाकली की ते थांबतं. आडवं झालं की पुन्हा सुरू होतं.

घरोघरी यावर उपाय ठरलेले आहेत. नातवंडांकडून पाय चेपून घ्यायचे, जुन्या साडीची पट्टी पोटऱ्यांना घट्ट आवळून बांधायची, थंड फरशीवर अनवाणी उभं राहायचं. ज्यांना हे जमत नाही ते बसल्या जागी पाय हलवत राहतात आणि ‘पाय हलवू नये, लक्ष्मी जाते’ हे ऐकून घेतात. दवाखान्यात गेलंच तर थकवा, वय, कॅल्शियमची कमतरता यांपैकी एखादं कारण पदरात पडतं. या त्रासाला वैद्यकात रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. तो मेंदूचा आणि मज्जासंस्थेचा विकार मानला जातो. बंगळुरूमधल्या शहरी लोकांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो शंभरातल्या साधारण दोघांमध्ये आढळला होता. युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त येतं आणि बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो अधिक दिसतो.

हा विकार ओळखायला यंत्र लागत नाही, प्रश्न लागतात. पाय हलवावेसे अनावर वाटतं का? बसल्यावर किंवा पडल्यावर ते वाढतं का? चालल्यावर, ताणल्यावर, निदान चालत असेपर्यंत तरी, उतरतं का? सकाळपेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त होतं का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर पाचवी गोष्ट उरते. हे सगळं दुसऱ्याच कशाने होत नाही ना, हे पाहणं. रात्री पोटरीत गोळा येतो तो वेगळा. त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, जोराची कळ येते आणि ती काही मिनिटांत जाते. मधुमेहातली तळपायांची आग आणि बधिरपणा चालल्याने सहसा जात नाही. गुडघ्याची झीज असेल तर चालल्यावर दुखणं वाढतं. मानसिक आजाराच्या काही औषधांनी माणसाला स्वस्थ बसवत नाही, पण ती अस्वस्थता सगळ्या अंगाची असते आणि संध्याकाळचं वेळापत्रक पाळत नाही.

संध्याकाळ आणि चालणं, या दोन खुणा सर्वांत पक्क्या आहेत. या त्रासाला शरीरातल्या लोहाशी जोडणारा धागा मात्र या प्रश्नांमधून दिसत नाही. तो सापडायला खूप वर्षं लागली आणि सापडल्यावर पुन्हा हरवलाही.

इंग्लंडमधले वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ साली अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलं होतं. अंथरुणावर पडताच हातापायांना इतकी बेचैनी की झोप म्हणजे छळच, अशा आशयाचं. त्यावर त्यांनी अफूचा अर्क दिला होता आणि त्याने आराम पडत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात याला चिंतेचा, ‘नर्व्हस’ स्वभावाचा प्रकार ठरवण्यात आलं. बायकांच्या तक्रारीला असं नाव पटकन चिकटतं, तसंच झालं. स्वीडनमधले मज्जासंस्थेचे डॉक्टर कार्ल-अॅक्सेल एकबोम यांनी १९४५ साली यावर एक सविस्तर ग्रंथ लिहिला आणि आज प्रचलित असलेलं नाव दिलं. आपल्या रुग्णांमध्ये गरोदर बायका आणि लोह कमी असलेली माणसं वारंवार येतात, हेही एकबोम यांच्या ध्यानात आलं.

त्यांच्याच देशातले डॉक्टर निल्स नॉर्डलांडर यांनी पुढचं पाऊल टाकलं. १९५३ साली त्यांनी या त्रासाच्या रुग्णांना शिरेतून लोह दिलं आणि २२ पैकी २१ जणांचा त्रास थांबल्याचं नोंदवलं. आजच्या कसोटीने तो अभ्यास कच्चा म्हणावा लागेल. तुलनेसाठी नुसतं सलाइन दिलेला गट त्यात नव्हता आणि मनाचा भरवसाही या त्रासावर बऱ्यापैकी काम करतो. पण त्यांचं निरीक्षण त्या आकड्यापेक्षा मोलाचं होतं. लोहाने बरे झालेल्यांपैकी काहींच्या रक्तात अॅनिमिया नव्हता. म्हणून नॉर्डलांडर यांनी अंदाज बांधला की रक्तात लोह पुरेसं असूनही शरीराच्या एखाद्या भागात ते अपुरं असू शकतं. तो भाग कोणता, हे तपासण्याचं साधन तेव्हा नव्हतं.

मग लोह बाजूला पडलं, कारण दुसरी एक गोष्ट फार लवकर गुण देऊ लागली. १९८२ साली तुर्कस्तानचे शेवकेत अकपिनार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना देतात ते लेव्होडोपा या त्रासावर चालतं, असं लिहिलं. पहिल्या रात्रीपासून फरक पडत होता. त्यातून डोपामिनसारखं काम करणारी औषधं पुढे आली. २००५ साली अमेरिकेत रोपिनिरोल या आजारासाठी मंजूर झालं, पाठोपाठ प्रामिपेक्सोलही. एका गोळीने त्याच रात्री झोप लागत असेल तर तीन महिन्यांनी गुण देणाऱ्या लोहाची आठवण कुणाला राहणार?

या औषधांची किंमत वर्षा-दोन वर्षांनी कळू लागली. आधी रात्री दहाला सुरू होणारी वळवळ संध्याकाळी सहाला, मग दुपारी चारला सुरू होऊ लागली. पायांत होती ती हातांतही आली. डोस वाढवला की काही आठवडे बरं वाटे आणि मग त्रास आणखी अलीकडे सरके. म्हणजे औषधच आजाराला खतपाणी घालत होतं. काही जणांना तर या गोळ्यांमुळे जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागला. लोह कमी असलेल्यांमध्ये औषधाने त्रासच वाढण्याचा हा उलटा परिणाम जास्त होतो, असंही दिसू लागलं. लोहाकडे पुन्हा वळण्याचं हे एक मोठं कारण ठरलं.

दुसरं कारण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून आलं. ख्रिस्तोफर अर्ली, रिचर्ड अॅलन आणि पेनसिल्व्हेनियाचे जेम्स कॉनर यांनी २००० साली रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. हे पाणी मेंदूला वेढून असतं, त्यामुळे मेंदूची स्थिती त्यात थोडीफार उमटते. रुग्णांच्या रक्तातलं लोह निरोगी माणसांसारखंच होतं. पाण्यातलं फेरिटिन, म्हणजे लोह साठवून ठेवणारं प्रथिन, मात्र स्पष्टपणे कमी होतं. पुढच्याच वर्षी एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या, डोपामिन तयार करणाऱ्या भागात लोह कमी दिसलं. २००३ साली कॉनर यांनी अशा सात रुग्णांचे मृत्यूनंतर दान केलेले मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी मेलेल्या नव्हत्या, पार्किन्सनसारखी झीज नव्हती. पेशी शाबूत होत्या, पण त्यांच्यात लोह पुरेसं नव्हतं. नॉर्डलांडर ज्या भागाबद्दल बोलत होते तो पायांत नव्हता, डोक्यात होता.

लोह कमी पडलं की पाय का वळवळावेत, याचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. डोपामिन बनवणाऱ्या एका एन्झाइमला लोह लागतं, हे नक्की. डोपामिनची पातळी दिवसभरात चढउतार करते आणि रक्तातलं लोहही रात्री उतरतं, त्यामुळे संध्याकाळचा मुहूर्त समजू शकतो. पण मग डोपामिन वाढवणारं औषध कालांतराने आजार वाढवतं कसं, हे इतक्या सरळ गणितात बसत नाही. घराण्यात आजार असण्याचा भाग मोठा आहे. २००७ साली आइसलँडमधल्या संशोधनात बीटीबीडी-९ या जनुकाचं एक रूप सापडलं. ते ज्यांच्यात असतं त्यांना हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि त्यांचं फेरिटिनही सरासरीने कमी असतं. थोडक्यात, काहींच्या मेंदूला लोह आत घेणंच कठीण जात असावं. अशा माणसाचा रक्तातला साठा थोडा जरी घसरला तरी मेंदू आधी उपाशी पडतो.

आता सगळा गोंधळ जिथे होतो त्या लॅब रिपोर्टकडे. त्यासाठी एक उदाहरण पाहू. हे उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला एकही आकडा दवाखान्यात विरळा नाही. नाशिकची ३८ वर्षांची शिक्षिका, दोन मुलं, पाळीत रक्तस्राव भरपूर. दोन वर्षांपासून रात्री नऊनंतर पाय शिवशिवतात, बाराशिवाय झोप नाही. हिमोग्लोबिन १२.३. बायकांसाठी १२ ही सीमा, म्हणजे अॅनिमिया नाही. ‘रक्त चांगलं आहे’ असं तिला दोनदा सांगून झालं आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं. ते १४ नॅनोग्रॅम आलं. छापील रिपोर्टवर बायकांसाठी सामान्य मर्यादा १० ते १५० अशी होती, त्यामुळे त्या आकड्यापुढे ना तारा होता ना लाल अक्षरं.

हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरासाठी डब्यात काढलेलं धान्य आणि फेरिटिन म्हणजे कणगी. कणगी तळाला लागली तरी डबा बरेच दिवस भरलेला दिसतो. शरीर साठ्यातलं लोह आधी खर्चतं आणि रक्तपेशींना सर्वांत शेवटपर्यंत पुरवत राहतं. म्हणून हिमोग्लोबिन चांगलं असणं हा लोह पुरेसं असल्याचा पुरावा होत नाही. शिवाय लॅबची खालची मर्यादा बहुतेकदा साधारण लोकांची रक्तं मोजून काढलेली असते. ज्या समाजात निम्म्याहून अधिक बायकांना अॅनिमिया आहे, तिथे ‘साधारण’ या शब्दावर किती विसंबायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अॅनिमिक आढळल्या आणि महाराष्ट्राचा आकडाही पन्नाशीच्या वरच होता. पायांच्या या त्रासात तर मर्यादाच निराळी धरतात. फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह द्यावं, असं या आजाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०१८ साली सुचवलं आणि आता तेच सर्वसाधारणपणे मानलं जातं. १४ आणि ७५ यांच्यामध्ये केवढी माणसं ‘नॉर्मल’ म्हणून परत जात असतील!

फेरिटिन एकटं पाहूनही भागत नाही. ताप, सांध्यांची सूज, यकृताचा त्रास, नुकताच होऊन गेलेला संसर्ग यांत ते खोटं वर चढतं. म्हणून सोबत आयर्न आणि टीआयबीसी करतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून टक्केवारी काढतात. शिक्षिकेचं आयर्न ५० आणि टीआयबीसी ४०० होतं, म्हणजे साडेबारा टक्के. ती २० टक्क्यांच्या खाली गेली की लोह कमी समजतात, मग फेरिटिन कितीही फसवं असो. तपासणी सकाळी, उपाशीपोटी करायची आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घ्यायची नाही. नाहीतर आयर्नचा आकडा गोळीमुळेच फुगलेला येतो.

तिसऱ्या डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला. ती दुसरं काय घेते? सर्दीसाठी रोज रात्री क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, असं उत्तर आलं. झोप आणणारी अशी जुनी अॅलर्जीची औषधं, उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरची बरीचशी औषधं, विशेषतः मिर्टाझापिन, पायांची वळवळ भडकवतात. माणूस झोप लागत नाही म्हणून सर्दीची गोळी घेतो आणि त्या गोळीनेच पाय जागे राहतात. सर्दीची गोळी बदलता येते. नैराश्याचं औषध मात्र डॉक्टरांना न विचारता थांबवणं या त्रासापेक्षा धोक्याचं आहे.

गोळी कोणती, हा प्रश्न तितकासा गुंतागुंतीचा नाही. पाकिटावर क्षाराचं वजन आणि प्रत्यक्ष लोहाचं वजन असे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा पाहायचा. तो ६० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास असला की पुरे. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० असतं. ती उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळीसोबत घेतात. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्ताची औषधं यांच्याशी तिची गाठ पडू द्यायची नाही. नुसत्या चहाने जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटू शकतं आणि जेवण झालं की चहा हा आपल्याकडचा नेम. एक डोस पोटात गेला की शरीर दिवसभर पुढच्या लोहासाठी दार अर्धवट लावून घेतं, असं झुरिकमधल्या अभ्यासांत दिसलं. म्हणून दिवसातून दोन-तीन गोळ्या कोंबण्यापेक्षा रोज एक किंवा एक दिवसाआड एक जास्त शहाणपणाचं. शौच काळं होतं, त्याने घाबरायचं कारण नाही. बद्धकोष्ठ झाला तर दिवसाआड घेतल्याने बऱ्याच जणांचा तो कमी होतो.

गुण मात्र संथ येतो. फेरिटिन १५ ते ७५ असलेल्या १८ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत लोहाच्या गोळ्यांनी १२ आठवड्यांत दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्ट फरक पडला होता. आपल्या शिक्षिकेसारख्या रुग्णाचं फेरिटिन तीन महिन्यांनी ३५-४० पर्यंत पोचलं तरी चांगलं म्हणायचं. वळवळ नऊऐवजी अकराला सुरू होते, आठवड्यातून सातऐवजी तीन रात्री होते, अशा खुणांनी सुधारणा मोजावी लागते. म्हणून साधी वही ठेवलेली बरी. पाळीतला रक्तस्राव तसाच चालू राहिला तर मात्र भरलेलं सगळं दर महिन्याला वाहून जातं. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं हा याच उपचाराचा भाग ठरतो.

पोटाला गोळ्या सोसत नसतील, आतडी लोह शोषत नसतील किंवा फेरिटिन ७५ ते १०० च्या मध्ये असेल, तर शिरेतून लोह देतात. शंभराच्या जवळ पोचलेलं शरीर तोंडावाटे फारसं लोह आत घेतच नाही, म्हणून तो पट्टा इंजेक्शनचा. यात फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे आणि ते भारतातही मिळतं. त्याचाही गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी बारा. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण दुसऱ्या आठवड्यात निराश होऊन डॉक्टर बदलतो. क्वचित अॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून हे दवाखान्यातच घ्यायचं. रक्तातलं फॉस्फेटही उतरू शकतं, विशेषतः पुन्हा पुन्हा घेतल्यास. शिरेतल्या लोहाचे सगळे प्रकार सारखे ठरलेले नाहीत. आयर्न सुक्रोजच्या एका काटेकोर चाचणीत अपेक्षित फायदा मिळाला नव्हता.

तपासणीशिवाय लोह सुरू करू नये, याला महाराष्ट्रात खास कारण आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत थॅलेसेमियाचं एक जनुक बाळगणारी माणसं बरीच आहेत. त्यांच्या रक्तपेशी लहान असतात, हिमोग्लोबिन थोडं कमी असतं आणि रिपोर्ट वरवर पाहणाऱ्याला तो लोहाचा अॅनिमियाच वाटतो. लोह मात्र पुरेसं असतं. फेरिटिन केलं की खुलासा होतो. दुसरीकडे पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं फेरिटिन कमी आलं तर गोळी लिहून देऊन थांबणं ही चूक. अशा वयात लोह कुठून तरी गळत असतं. मूळव्याध, दुखण्यावरच्या गोळ्यांनी पडलेला जठराचा व्रण, आतड्याचा कर्करोग, यांपैकी काय आहे ते शोधावंच लागतं. वारंवार रक्तदान करणाऱ्यांचीही कणगी रिकामी होते. रक्तपेढी टोचून पाहते ते हिमोग्लोबिन, फेरिटिन नव्हे.

गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास पुष्कळ बायकांना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा काही आठवड्यांत जातो. डायलिसिसवरच्या रुग्णांत तो सर्वांत छळणारा असतो, कारण चार तास खुर्चीत जखडून बसावं लागतं. लहान मुलांत तो ‘हाडं वाढताहेत’ या नावाखाली लपतो. मूल झोपायच्या वेळी पाय चोळून मागत असेल, उठून पळत असेल आणि दिवसा चिडचिड करत असेल तर त्याचं फेरिटिन पाहण्यासारखं आहे. मुलांमध्ये ५० च्या खालचा आकडा उपचाराचा समजतात.

आणि लोह भरपूर असूनही ज्यांचे पाय थांबत नाहीत ते? त्यांची संख्या थोडी नाही. मेंदूच लोह आत घेत नसेल तर रक्तात ओतून सगळ्यांनाच फायदा होत नाही, आणि फेरिटिन तीनशेच्या वर गेल्यावर आणखी लोह देणं धोक्याचं होतं. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात अशांसाठी गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही औषधं पुढे केली आहेत. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल सरसकट देऊ नयेत, असंही त्यात म्हटलं आहे. गॅबापेंटिननेही झोपाळूपणा आणि तोल जाणं होतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत डोस जपून चढवतात. ज्यांना वर्षानुवर्षं प्रामिपेक्सोल चालू आहे त्यांनी ते एकदम सोडायचं नसतं. हळूहळू कमी करताना काही रात्री फार वाईट जातात आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं लागतं. तेव्हासुद्धा पहिली तपासणी तीच असते, सकाळचं उपाशीपोटी फेरिटिन.